‘जाहिरात’ हा शब्द कुठे लिहायचा?

गेल्या वर्षी आमच्या ताईने गुडघेदुखीवर एक तेल मागवले. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सोलापुरात जन्मली, सोलापुरातच नांदली, आणि दुकानदाराने भाव सांगितला की निम्म्यापासून घासाघीस सुरू करणारी. तिने बाटली मागवली ती एका मुलीचा रील पाहून. ती मुलगी आपल्याकडच्या बोलीत बोलते, स्वयंपाकघरात उभी राहून शेंगाचटणी कुटता कुटता गप्पा मारते. त्या गप्पांत एकदा तिच्या आईच्या गुडघ्यांचा विषय निघाला आणि तेलाची बाटली ओट्यावर आली.

दोन महिन्यांनी बाटली संपली, गुडघे होते तसेच राहिले. मी सहज म्हटले, “ताई, त्या पोरीला कंपनीनं पैसे दिले असतील.” ताईला ते पटेना. मी तिच्याच मोबाइलवर तो रील काढला. खालच्या मजकुराची पहिली ओळ आईच्या मायेबद्दल होती. ‘आणखी’वर बोट ठेवल्यावर बाकीचा मजकूर उघडला आणि शेवटी दहाबारा हॅशटॅगच्या रांगेत #collab असा शब्द दिसला. मी तो दाखवला. ताई म्हणाली, “हे होय? मला वाटलं, तेलाच्या कंपनीचं नाव असंल.”

म्हणजे त्या मुलीने सांगितले होते, पण ताईला ते कळले नव्हते. त्याच सुमारास एका महाविद्यालयातील चर्चासत्रासाठी जाहिरातीच्या नीतिशास्त्रावर निबंध वाचण्याचे मी कबूल केले होते. मी या विषयाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून ग्रंथालयात बसून आणि मिळतील ते शोधनिबंध वाचून जे शिकलो तेवढेच. विषय शोधायला मात्र लांब जावे लागले नाही. पैसे घेऊन केलेली शिफारस ‘उघड केली’ असे नेमके कधी म्हणायचे, आणि ती उघड केल्यावर ऐकणाऱ्याच्या विश्वासाचे काय होते, हे दोन प्रश्न ताईच्या त्या एका वाक्यात होते.

पंचेचाळीस सेकंदांचा हिशेब

आपल्याकडे याबाबत नियम आहेत, आणि बरेच स्पष्ट आहेत. जाहिरात व्यवसायाने १९८५ साली स्वतःवर देखरेख ठेवण्यासाठी मुंबईत ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. तिला सगळे ‘आस्की’ म्हणतात. या संस्थेने इन्फ्लुएन्सरांसाठी केलेली नियमावली १४ जून २०२१ पासून लागू झाली. तिच्या मुळाशी एकच कल्पना आहे. शिफारस करणारा आणि वस्तू विकणारा यांच्यात असा काही संबंध असेल की तो कळल्यावर ऐकणारा त्या शिफारशीकडे वेगळ्या नजरेने पाहील, तर तो संबंध सांगितला पाहिजे. तो पैशांचाच असायला हवा असे नाही. फुकट दिलेली वस्तू, हॉटेलातला मुक्काम, सवलत, नोकरी, इतकेच काय नातेसुद्धा त्यात येते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतही अशीच यादी आहे.

आता ताईच्या रीलकडे या नियमांच्या नजरेने पाहू. रील पंचेचाळीस सेकंदांचा होता. आस्कीचा नियम असा की व्हिडिओ पंधरा सेकंदांचा किंवा त्याहून छोटा असेल तर जाहिरातीची पट्टी किमान तीन सेकंद दिसावी. पंधरा सेकंदांहून मोठा पण दोन मिनिटांहून छोटा असेल तर एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ ती दिसावी. दोन मिनिटे किंवा त्याहून मोठा असेल तर ज्या भागात त्या वस्तूबद्दल बोलले जाते त्या सबंध भागात ती राहावी. म्हणजे ताईच्या रीलवर पट्टी पंधरा सेकंद हवी होती. ती एक सेकंदही नव्हती.

दुसरा नियम खालच्या मजकुराचा. पट्टी पहिल्या दोन ओळींत हवी, म्हणजे ‘आणखी’वर बोट न ठेवता दिसेल अशा जागी. हॅशटॅगच्या गर्दीत ती पुरायची नाही. स्वतःच्या माहितीच्या पानावर एकदाच लिहून मोकळे व्हायचे, तेही चालत नाही, कारण रील पाहणारा त्या पानावर जाईलच असे नाही. सरकारी मार्गदर्शिका याच्याही पुढे जाते. व्हिडिओत हा खुलासा डोळ्यांना दिसावा आणि कानांनाही ऐकू यावा, असे ती सांगते. आमच्या ताईसारख्या वाचायचा चष्मा शोधत बसणाऱ्या माणसासाठी हा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. तिने तो रील भाजी निवडताना ऐकला होता.

तिसरा मुद्दा शब्दाचा. आस्कीने मान्य केलेल्या शब्दांत ‘ॲडव्हर्टाइजमेंट’, ‘ॲड’, ‘स्पॉन्सर्ड’, ‘कोलॅबोरेशन’, ‘पार्टनरशिप’, ‘फ्री गिफ्ट’ आणि ‘एम्प्लॉयी’ असे शब्द आहेत. ‘कोलॅब’ हे कापलेले रूप त्यात नाही. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने तर २०१९ च्या आपल्या पुस्तिकेत ‘कोलॅब’ आणि ‘स्पॉन’ ही अर्धवट रूपे टाळा, असे नाव घेऊन सांगितले आहे.

पण माझ्या मते खरी अडचण त्याहून साधी आहे. सगळा रील मराठीत आहे आणि त्यातला एकच शब्द इंग्रजीत आहे, तोही नेमका हाच. आस्कीचा नियम म्हणतो की पट्टी इंग्रजीत असावी किंवा जाहिरातीच्या भाषेत तिचे भाषांतर असावे. म्हणजे मराठी बोलणाऱ्याला इंग्रजी पट्टी लावायची मुभा आहे. याउलट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, जाहिरातीतल्या दाव्याला जोडलेली पुस्ती दाव्याच्याच भाषेत हवी असे म्हटले आहे. तो नियम पुस्तीपुरता आहे, पण त्यामागचा विचार इथेही लागू पडतो. मराठी वाचकाला ‘जाहिरात’ हा शब्द नवा नाही. बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुराच्या डोक्यावर चौकटीत ‘जाहिरात’ असे छापलेले तो कित्येक वर्षे पाहत आला आहे. त्याला कळणारा शब्द हाताशी असताना न कळणारा शब्द वापरला, तर नियम पाळल्यासारखा दिसतो आणि माहिती मात्र पोचत नाही.

पन्नास जणी, एक कोयरी

यावर कोणी म्हणेल, एका तेलाच्या बाटलीचे एवढे काय? बोलणाऱ्याला पैसे मिळतात हे आजकाल सगळ्यांना ठाऊक असते. याचे उत्तर मला एका कापडाच्या उदाहरणात सापडले. विणकरांच्या गावचा असल्यामुळे ते लक्षात राहिले असेल.

अमेरिकेतल्या लॉर्ड अँड टेलर या दुकानसाखळीने २०१५ च्या मार्चमध्ये कोयरीच्या नक्षीचा एक झगा बाजारात आणला. फॅशनवर लिहिणाऱ्या पन्नास जणींना तो झगा फुकट देण्यात आला आणि प्रत्येकीला एक हजार ते चार हजार डॉलर देण्यात आले. ठरलेल्या काळात प्रत्येकीने तो घालून आपले छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकायचे होते. दुकानाचे नाव आणि ठराविक हॅशटॅग घालणे करारात बंधनकारक होते. पैसे मिळाले आहेत हे सांगणे मात्र बंधनकारक नव्हते. झगा हातोहात संपला. फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि मार्च २०१६ मध्ये तडजोडीची घोषणा झाली.

या उदाहरणात कोणी एकीने खोटे बोलल्याचे दिसत नाही. काहींना तो झगा खरेच आवडलाही असेल. फसवणूक झाली ती संख्येत. पाहणाऱ्या मुलीला वाटले की एकमेकींशी संबंध नसलेल्या पन्नास जणींना एकाच वेळी एकच झगा आवडला. प्रत्यक्षात आवड एकाच ठिकाणाहून निघाली होती आणि पन्नास तोंडांतून बोलत होती. आपण परिचितांच्या शिफारशीला किंमत देतो ती याच कारणासाठी, की प्रत्येकाचे मत त्याचे स्वतःचे असते. तेवढेच इथे नव्हते. ‘पैसे मिळतात हे सगळ्यांना ठाऊक असते’ या बोलण्याने हे भरून निघत नाही. कोणत्या रीलला मिळाले आणि कोणत्याला नाही, हे ठाऊक असावे लागते.

सांगितले तर विश्वास जातो का?

आता दुसरा प्रश्न. जाहिरातदार आणि रील करणारी मुले एकच भीती बोलून दाखवतात: सांगितले की लोक विश्वास ठेवत नाहीत. ही भीती खोटी नाही. नॅथॅनियल इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये इन्स्टाग्रामवरच्या पोस्टबद्दल एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच पोस्टवर काहींना कोणतीच पट्टी दाखवली नाही, काहींना ‘एसपी’, काहींना ‘स्पॉन्सर्ड’, तर काहींना ‘पेड ॲड’ अशी पट्टी दाखवली. ‘पेड ॲड’ या सरळ शब्दांनी सर्वांत जास्त लोकांना ही जाहिरात आहे हे ओळखता आले. आणि ज्यांनी ती ओळखली व पट्टी पाहिल्याचे ज्यांच्या लक्षात होते, त्यांचे त्या मालाबद्दलचे मत उतरले. पोस्ट पुढे पाठवण्याची इच्छाही कमी झाली.

म्हणजे पट्टी जितकी स्पष्ट तितका विश्वास कमी. व्यापारी याला तोटा म्हणेल. पण नीतीच्या बाजूने पाहिले तर कमी झाला तो कोणता विश्वास? जो माहिती नसल्यामुळे जास्तीचा ठेवला गेला होता तो. ताईने त्या मुलीवर टाकला तो शेजारणीवर टाकावा तसा विश्वास होता. दुकानदारावर टाकायचा विश्वास वेगळा असतो. आपण दुकानदारावर अविश्वास दाखवतो असे नाही, पण त्याचे बोलणे ऐकताना हात खिशाकडे जरा हळू जातो. पट्टीचे काम एवढेच आहे, की ताईला तिची नेहमीची घासाघीस करणारी नजर परत द्यायची. ती तिच्याकडे होतीच. समोर दुकान आहे हे कळले नाही म्हणून ती वापरली गेली नाही.

दक्षिण कोरियातल्या ह्वांग आणि जोंग यांचा २०१६ चा एक अभ्यास इथे जोडून पाहण्यासारखा आहे. त्यांनी ब्लॉगवरच्या लेखाला तीन प्रकारे सादर केले. एकात प्रायोजकाचा उल्लेखच नाही, दुसऱ्यात साधा उल्लेख, आणि तिसऱ्यात ‘हा लेख प्रायोजित आहे, पण मते माझी स्वतःची प्रामाणिक आहेत’ असे वाक्य. साध्या उल्लेखाने लिहिणाऱ्याची विश्वासार्हता घटली. तिसऱ्या वाक्याने मात्र ती उल्लेखच न केलेल्या लेखाइतकी राहिली.

हे वाचून पहिल्यांदा मला बरे वाटले, मग शंका आली. ‘मते माझी स्वतःची’ हे वाक्य लिहायला काहीच लागत नाही. प्रामाणिक माणूस जसे लिहील तसेच अप्रामाणिकही लिहील. ज्या वाक्याने पट्टीचा परिणाम पुसला जातो आणि जे कोणालाही चिकटवता येते, त्याला खुलासा म्हणावे का? मला वाटते, ते पट्टीवर चढवलेले रंगकाम आहे. एखादा म्हणेल, ‘पैसे घेतले आहेत, आणि या तेलाला वास फार उग्र आहे, कपड्याला डाग पडतो.’ असे काही तरी मोजून दिले तरच त्या प्रामाणिकपणाला वजन येते, कारण ते सांगताना त्याचे स्वतःचे थोडे नुकसान होते.

नाण्यांची बरणी

इथवर येऊन मी थांबलो असतो, तर निष्कर्ष सोपा झाला असता: मराठीत, मोठ्याने, सुरुवातीलाच सांगा, म्हणजे झाले. पण २००५ सालचा एक अभ्यास माझ्या वाचनात आला आणि ही सोपी वाट बंद झाली. डेलियन केन, जॉर्ज लोवेन्स्टाईन आणि डॉन मूर यांनी हा प्रयोग केला होता. एका बरणीत नाणी भरलेली. काही लोकांनी त्यांची एकूण किंमत अंदाजाने सांगायची, पण त्यांना बरणी लांबून आणि थोडाच वेळ दाखवली. दुसऱ्या काही लोकांनी ती जवळून पाहिली आणि पहिल्यांना सल्ला दिला. यातल्या काही सल्लागारांना मोबदला अशा बेताने ठेवला, की समोरच्याचा अंदाज जितका चढा तितका यांचा फायदा. मग काही जोड्यांत हा फायदा समोरच्याला उघड सांगितला, काहींत लपवला.

अपेक्षा अशी, की उघड सांगितल्यावर समोरचा सावध होईल आणि नुकसान टळेल. समोरचा सावध झाला खरा, पण पुरेसा नाही. आणि सल्लागार? फायदा उघड झाल्यावर त्यांनी अंदाज आणखी फुगवून सांगितले. ‘आता त्याला ठाऊक आहे, मग मी जरा ताणले तर काय बिघडले’ अशी मोकळीक त्यांना मिळाली. शेवटी उघड सांगितलेल्या जोड्यांत अंदाज करणाऱ्यांचेच जास्त नुकसान झाले.

रील करणाऱ्यांच्या बाबतीत ही मोकळीक मी ऐकली आहे. शहरातल्या खाण्याच्या जागांवर रील करणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. तो म्हणाला, “काका, मी वर ‘ॲड’ टाकलंय ना, मग ‘सोलापुरातली एक नंबर थाळी’ म्हटलं तर काय झालं?” त्याला बरणीची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “तुमचं पटतंय. पण पंधरा सेकंद पट्टी ठेवतो म्हटलं तर हॉटेलवाला म्हणतो, शेजारचा पोरगा पट्टीशिवाय करून देतो.”

त्याच्या या उत्तरात सगळी अर्थनीती आली. खरे सांगण्याचा तोटा सांगणाऱ्या एकट्याला होतो आणि न सांगण्याचा फायदा शेजाऱ्याला. सगळ्यांनी सांगितले तर कोणाचाच तुलनेने तोटा नाही, पण पहिला कोण होणार? ही अडचण लहान गावातल्या मुलांपुरती नाही. फोर्ब्स इंडियाच्या यादीतल्या आघाडीच्या डिजिटल ताऱ्यांची आस्कीने तपासणी केली आणि २०२५ च्या सुरुवातीला तिचे निष्कर्ष जाहीर केले. त्यांतल्या ६९ टक्के लोकांनी खुलासा नियमाप्रमाणे केलेला नव्हता. आस्की ही व्यवसायाची स्वतःची संस्था असल्याने ती दंड करू शकत नाही. दंडाचा अधिकार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे केले तर पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणाऱ्यावर एक वर्षाची, पुढे तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. पण गल्लीतल्या थाळीचा रील दिल्लीच्या प्राधिकरणापर्यंत पोचणार कसा?

आधी हे झाले आहे

मराठी वाचकाने हे सगळे एकदा पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत काही मराठी दैनिकांत एकाच नेत्याच्या स्तुतीचा तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी बातमी म्हणून छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये तो शेजारी शेजारी ठेवून दाखवला. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला आणि प्रेस कौन्सिलला उपसमिती नेमून अहवाल करून घ्यावा लागला. तिथेही मूळ प्रश्न हाच होता. बातमीच्या जागेवर असलेला विश्वास विकला जात होता आणि ‘जाहिरात’ हा शब्द मुद्दाम वगळला जात होता. त्या प्रकरणात वर्तमानपत्रे शेजारी शेजारी ठेवून मजकूर जुळवता आला. रीलच्या बाबतीत तसे करता येत नाही, कारण प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा बाजार भरतो. ताईला काय दिसले हे मला दिसत नाही.

म्हणून चर्चासत्रातल्या निबंधात मी शेवटी दोनच गोष्टी मांडल्या. पहिली: मराठी रीलमध्ये खुलासा मराठीत, वस्तू दिसण्याआधी, बोलून केला जावा. ‘या व्हिडिओचे मला पैसे मिळाले आहेत’ हे वाक्य म्हणायला तीन सेकंद पुरतात. दुसरी: खुलासा ही परवानगी नव्हे. पैसे घेतल्याचे सांगितल्याने न वापरलेल्या तेलाने आईचे गुडघे बरे झाले, असे म्हणायचा हक्क मिळत नाही. वस्तू वापरून पाहिली का, दावा तपासला का, हा प्रश्न पट्टीनंतरही उरतो. कायदाही शिफारस करणाऱ्याकडून तेवढी खातरजमा अपेक्षितो.

ताई त्या मुलीचे रील अजून पाहते. तिची शेंगाचटणी ताईला आवडते आणि त्यात गैर काही नाही. परवा मी गेलो तेव्हा तिच्या हातात मोबाइल होता आणि पडद्यावर कसलासा मसाला होता. मला पाहून तिने तो पुढे केला. म्हणाली, “ते ‘आणखी’ दाब बघू. खाली काय लिहिलंय ते वाच मला.”